घरमालकास सविनय आणि सविस्तर

घरमालक काकांनी फोनवर पहिली दोन मिनिटं तुमच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली, की समजायचं, भाडं वाढलं. मुद्दा तिसऱ्या मिनिटाला येतो. "तुम्ही मला मुलासारखे आहात हो, पण खालच्या मजल्यावर नवीन आलेत ते सव्वीस देतात." तुम्ही बावीस देता. करार ३० जूनला संपतोय, शाळेच्या फीचा पहिला हप्ता याच महिन्यात आहे, दुचाकीचा हप्ता ऑक्टोबरपर्यंत चालणार आहे. एकदम चार हजार कुठून काढायचे? तेव्हा वाढ टप्प्याटप्प्याने करा, अशी विनंती करणारं पत्र लिहायचं ठरतं. उत्तम. आता हे पत्र नीट कसं लिहायचं, ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे घाई करू नका. फोन मेअखेरीला आला असेल, तर पत्र २८ जूनला द्या. त्याआधी दिलं तर काकांना विचार करायला वेळ मिळेल, आणि विचार केलेला घरमालक कोणाला हवाय? २८ ला दिलं की ते म्हणतील, "बघू", आणि जुना करार निवांत संपून जाईल. त्यानंतर तुम्ही विनाकरार राहाल, जुनंच भाडं भराल आणि चार हजार वाचल्याच्या आनंदात असाल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये कलम २४ आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू शकते, असं ते म्हणतं. पण बावीसचे चव्वेचाळीस ही गोष्ट सणासुदीला काढण्यासारखी नाही, म्हणून सोडून देऊ.

दुसरं, जुना करार बाहेर काढू नका. तो लॉफ्टवरच्या सुटकेसमध्ये, लग्नाच्या अल्बमखाली आहे, हे तुम्हाला आणि मला माहीत आहे. काढलात तर वाचावा लागेल. अकरा महिन्यांचा असेल तर ठीक, नवीन भाडं ठरवायला काका मोकळे आहेत. पण काही करार तेहतीस महिन्यांचे असतात आणि त्यात दर अकरा महिन्यांनी पाच टक्के वाढ असं आधीच लिहिलेलं असतं. तसं निघालं तर बावीसचे तेवीस हजार शंभर होतील आणि पत्र लिहायचं कारणच उरणार नाही. एवढा छान मजकूर डोक्यात तयार झालेला असताना ही जोखीम कशाला घ्यायची?

आता मजकूर. सुरुवात महागाईने करा. गॅस सिलिंडर, तेल, दूध, मुलीचा क्लास, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, ऑफिसात न झालेलं इन्क्रिमेंट, सगळं यायला हवं. "महिन्याच्या वीस तारखेनंतर घर कसं चालतं ते आमचं आम्हाला ठाऊक" हे वाक्य दुसऱ्या परिच्छेदात टाका, तिथे ते चांगलं शोभतं. दोन पानांपेक्षा कमी लिहू नका. काका पेन्शनवर आहेत, त्यांना वाचायला काहीतरी हवंच असतं. पत्र संपेपर्यंत त्यांचा ऊर भरून येतो आणि मनात एकच विचार येतो: हा माणूस ऑगस्टपासून भाडं थकवणार. ते तुमच्या डिपॉझिटचा आकडा आठवतात, चार महिन्यांच्या भाड्याशी ताडून बघतात आणि एजंटला मिस्ड कॉल देतात. तुम्ही दया मागितली आणि त्यांना वाटली भीती. पण साहित्य म्हणून पत्र जमलं होतं, हे नाकारता येणार नाही.

एवढ्याने भागलं नाही तर कायदा काढा. व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरत असतो: "घरमालक वर्षाला चार टक्क्यांपेक्षा जास्त भाडं वाढवू शकत नाही." तो जशाच्या तसा चिकटवा, खालच्या 'पुढे पाठवा' या ओळीसकट. चार टक्क्यांची तरतूद खरंच आहे, त्याच १९९९ च्या कायद्यात. ती जुन्या भाडेकरूंसाठी आहे, पागडीवाल्यांसारख्यांसाठी. तुम्ही कागदोपत्री भाडेकरू नाही, परवानाधारक आहात, तुमचं भाडं करारात लिहिलेलं असेल तेवढं. पण हा फरक काकांना माहीत नसेल, असं गृहीत धरा. काका तीस वर्षं घर भाड्याने देतायत आणि त्यांचे साडू वकील आहेत, हा केवळ योगायोग आहे.

मागणी करताना मात्र आकडा लिहू नका. "थोडं थोडं करून वाढवावं", "जमेल तसं", "परिस्थिती सुधारल्यावर" अशी लवचीक भाषा वापरा. सुधारण्याची तारीख दिली तर ती पाळावी लागते. आणि काकांनी मागितलेले सव्वीस हजार तुम्हाला शेवटी मान्य आहेत की नाहीत, हे पत्रात कुठेही कळता कामा नये. रहस्य टिकलं पाहिजे.

समोरच्या विंगमधल्या वहिनींनी हे सगळे नियम मोडले, म्हणून त्यांचं उदाहरण देतो, टाळण्यासाठी. त्यांचेही बावीसचे सव्वीस झाले होते, करारही ३० जूनलाच संपत होता. त्यांच्या घरमालक आजोबांचा फोन आला त्याच आठवड्यात त्यांनी पत्र नेऊन दिलं. पत्र कसलं, वाण्याची यादी! महागाईचा शब्द नाही. मला त्यांनी ते जिन्यात दाखवलं, हातात कोथिंबिरीची जुडी होती म्हणून कागदाला एक ओला डाग पडलेला. मजकूर असा:

"आपण सुचवलेलं २६,००० रुपये भाडं आम्हाला मान्य आहे. दुचाकीचा २,१०० रुपयांचा हप्ता ऑक्टोबरमध्ये संपतो, म्हणून जुलै ते ऑक्टोबर हे चार महिने २४,००० आणि नोव्हेंबर ते मे हे सात महिने २६,००० असं भाडं ठेवावं, ही विनंती. अकरा महिन्यांचे मिळून २,७८,००० रुपये होतात. एकदम वाढ केली असती तर २,८६,००० झाले असते. फरक ८,००० रुपयांचा आहे. पुढच्या वर्षीची पाच टक्के वाढ २६,००० वर धरावी. गेल्या तीन वर्षांत भाडं पाच तारखेच्या पुढे गेलेलं नाही, बँकेचा उतारा सोबत जोडला आहे. महिन्यानुसार भाडं करारातच लिहून घ्यावं."

बस्स. ना सासऱ्यांचं ऑपरेशन, ना वीस तारीख. मी म्हटलं, "वहिनी, यात भावना कुठंय?" त्या म्हणाल्या, "भावना आहेत ना, दुचाकीच्या हप्त्यात."

आजोबा बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा चढवला आणि पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलं. या बाईला नाही म्हटलं आणि ती गेली, तर घर एक महिना तरी रिकामं पडणार. म्हणजे २६,००० गेले. रंग द्यावा लागेल, नवीन माणसासाठी एजंट एक महिन्याचं भाडं घेईल, पोलीस पडताळणीचा अर्ज पुन्हा भरायचा, आणि नवा माणूस पाच तारखेला भाडं देणारा निघेल की पंचवीसला, हे देव जाणे. या सगळ्यासमोर ८,००० रुपये, तेही चार महिन्यांत विभागून. शिवाय पुढच्या वर्षी वाढ सव्वीसवरच धरायची आहे, म्हणजे २७,३००. चार महिन्यांची सूट पुढच्या वर्षाच्या हिशोबात शिरतच नाही. आजोबांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "थंब कधी घ्यायचे?" पत्राचं रूपांतर एवढ्या नीरस व्यवहारात झालेलं पाहून मला वाईट वाटलं.

शेवटची ओळ तर वहिनींनी अगदीच अविश्वासाची लिहिली होती. महिन्यानुसार भाडं करारात कशाला लिहायचं? तुमचे काका एवढे प्रेमळ. ते म्हणतील, "कागदावर सव्वीसच राहू द्या, चार महिने मी चोवीसच घेईन, माझा शब्द आहे." तुम्ही लगेच हो म्हणा. शब्दाला मोल असतं, आणि या शब्दाचं मोल नेमकं ८,००० रुपये आहे. अकरा महिन्यांनी घर सोडताना कागद सव्वीसचा आणि बँकेत चार वेळा चोवीस जमा, हे काकांच्या लक्षात येईल आणि डिपॉझिटमधून आठ हजार वजा होतील. तेव्हा शब्दाची आठवण करून दिलीत तर काका पुन्हा आईच्या गुडघ्याची चौकशी करतील. करारात दोन टप्पे लिहिले तर एजंटला टाईप करताना एक ओळ जास्त लागते, मुद्रांक शुल्कात काडीचा फरक पडत नाही. ते एकूण भाड्यावर पाव टक्का असतं, डिपॉझिटचं मानीव व्याज धरूनही सातशे-आठशेच्या घरात. आठ हजार कमी झाले म्हणून त्यात वीस रुपये वाचतात, तेवढ्यात दोन कटिंग होतात.

पावत्यांचंही मनावर घेऊ नका. ऑफिसात घरभाडे भत्त्यासाठी द्यायच्या तर चार पावत्या चोवीसच्या आणि बाकीच्या सव्वीसच्या लागतील, करारात सगळीकडे सव्वीस असेल, आणि वर्षाचं भाडं लाखाच्या वर असल्यामुळे काकांचा पॅन नंबरही लागेल. तो मागायची हिंमत पत्रात करू नका. अकाउंट्समधली मुलगी मार्चमध्ये विचारेल तेव्हा बघू.

तर तुमचं पत्र तयार आहे: दोन पानं, एक कायदा, शून्य आकडे. ते व्हॉट्सअॅपवर पीडीएफ करून रात्री साडेअकराला पाठवा. सकाळी काकांचा अंगठा येईल, तो संमतीचा की नुसता पोचल्याचा, हे विचारून त्यांना अवघडवू नका. रविवारी बेल वाजेल. दारात एजंट असेल आणि त्याच्यामागे एक नवीन जोडपं. ते चपला बाहेर काढून थेट स्वयंपाकघरात जातील, ती मुलगी तुमच्या फ्रिजची जागा वितीने मोजेल आणि नवऱ्याला म्हणेल, "आपला डबल डोअर बसेल इथे." त्यांना चहा विचारा. सव्वीस देणार आहेत ते, एकदम.