पंचविशीतला चेहरा, पंचाहत्तरीतला चेहरा आणि मधली कवळी

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका काकांची ही गोष्ट. १९७५ साली वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात नोकरीला लागले, तेव्हा ओळखपत्रासाठी काढलेला फोटो परवा कपाट आवरताना सापडला. वय तेव्हा २५. नात म्हणाली, "आजोबा, आत्ताच्या आत्ता एक सेल्फी काढा, शेजारी-शेजारी लावू." दोन्ही फोटो घरच्या ग्रुपवर गेले. काकांनी मात्र चष्मा लावून, हिशेब लिहावा तशी वहीत यादी केली: नाक दीडपट. कान होते तेवढेच. डोळ्यांखाली पिशव्या. तोंड आत गेलं, हनुवटी पुढे आली. डावी पापणी लोंबते. आणि खाली एक रेघ मारून, "वय झालं."

माझा आक्षेप त्या शेवटच्या दोन शब्दांवर आहे. वय झालं म्हटलं की पुढे काही विचारायचं नाही, अशी आपल्याकडे पद्धतच आहे. ही यादी मात्र एक-एक करून तपासण्यासारखी होती.

पहिलं नाक. सेल्फीत फोन चेहऱ्यापासून जेमतेम ३० सेंटिमीटरवर असतो. नाकाच्या टोकापासून कान मागे १२ सेंटिमीटर धरा. म्हणजे कॅमेऱ्यापासून नाक ३० वर आणि कान ४२ वर. जवळची वस्तू मोठी दिसते, त्यामुळे कानाच्या मानाने नाक ४० टक्के मोठं उमटतं. स्टुडिओवाला दीड-दोन मीटरवर उभा राहायचा. दीड मीटरवर हाच फरक ८ टक्क्यांवर येतो. शिवाय त्या काळी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने रिटचिंग चालायचं. गालावरचे डाग, नाकाशेजारची घडी तिथेच पुसट व्हायची. आणि काकांचा सेल्फी होता डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली, म्हणजे डोळ्यांखाली सावली पडणारच.

मुलाने दुसऱ्या दिवशी नीट फोटो काढला. दोन मीटरवरून, झूम करून, फोन डोळ्यांच्या उंचीवर, काकांचं तोंड खिडकीकडे, मान सरळ, चेहरा निवांत. हसायचं नाही, कारण हसताना गाल वर जातात आणि तुलना बिघडते. या फोटोत यादी उलटली. नाक बरंचसं पूर्वीसारखं, टोक थोडं खाली उतरलेलं. पिशव्या निम्म्या. कान मात्र चांगलेच मोठे! १९९५ साली ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांनी तिशीपुढच्या लोकांचे कान मोजले होते. वयानुसार सरासरी फरक वर्षाला ०.२२ मिलिमीटर निघाला. ५० वर्षांचे झाले ११ मिलिमीटर. (मोजलेली माणसं वेगवेगळ्या वयांची होती, एकाच माणसाचा कान वर्षानुवर्षं कुणी मोजला नव्हता, त्यामुळे हा आकडा अंदाजाचाच समजा.) कातडीतली ताण धरणारी जाळी सैल होते, पाळी लोंबत जाते. यावर करण्यासारखं काही नाही आणि करायची गरजही नाही.

आता तोंड. खरं लक्ष द्यायला हवं होतं ते इथे.

दाताचं मूळ असेपर्यंत चावण्याचा जोर हाडाला मिळतो आणि हाड टिकतं. दात काढला की त्या जागेचं हाड विरघळायला लागतं, सगळ्यात जास्त पहिल्या वर्षात. पुढे वेग मंदावतो, पण थांबत नाही. खालच्या जबड्याचं हाड वरच्यापेक्षा खूप जास्त झिजतं, म्हणूनच "वरची कवळी बसते, खालची हलते" हे घरोघरी ऐकू येतं. काकांचे सगळे दात १४ वर्षांपूर्वी गेले आणि कवळी तेव्हाचीच आहे. या काळात खालून हाड खचलं आणि वरून कवळीचे अॅक्रिलिकचे दातही घासले गेले. दोन्हीकडून उंची कमी झाली, की तोंड मिटताना खालचा जबडा जरुरीपेक्षा वर जातो आणि वर जाताना पुढेही सरकतो. हनुवटी पुढे आल्यासारखी दिसते ती यामुळे. ओठ आत वळतात, तोंडाच्या कोपऱ्यात घडी पडते, तिथे लाळ साठते, बुरशी धरते आणि चिरा पडतात. काका वर्षभर त्या चिरांना तूप लावत होते, मधूनमधून बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेत होते. आठ दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. घडी कायम असेल तर दुसरं काय होणार?

उंची किती गेली हे मोजता येतं. दातांच्या डॉक्टरांनी काकांच्या नाकाच्या टोकावर आणि हनुवटीवर पेनाने एक-एक ठिपका दिला. ओठ मिटून, जबडा सैल सोडून मोजलं, ६८ मिलिमीटर. कवळीचे दात एकमेकांवर टेकवायला लावून मोजलं, ५९. साधारण २ ते ४ मिलिमीटरचा फरक असायलाच हवा, कारण निवांत असताना दात टेकलेले नसतात. काकांचा फरक ९ आला. तेव्हा जवळजवळ ६ मिलिमीटर उंची कवळीनेच गमावली होती.

मग नवी कवळी ६ मिलिमीटरने वाढवून द्यावी का? घाई इथेच नडते. १४ वर्षं स्नायूंना आखूड उंचीची सवय झालेली असते. एकदम वाढवली तर हिरड्या दुखतात, जबडा अवघडतो आणि पेशंट महिन्याभरात जुनी कवळी डबीतून काढून परत घालतो. म्हणून डॉक्टरांनी आधी जुन्याच खालच्या कवळीच्या दातांवर अॅक्रिलिकचा थर देऊन ३ मिलिमीटर उंची वाढवली आणि काही आठवडे वापरायला सांगितलं. चिरांसाठी बुरशीवरचं मलम दिलं. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची, हेही बजावलं, कारण बुरशी कवळीवरच मुक्काम करते. हे अंगवळणी पडल्यावर नव्याचं माप घेतलं. मेणाच्या पट्टीवर दात लावून आकडे म्हणायला सांगितले: पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट. 'स' म्हणताना वरचे-खालचे दात अगदी जवळ येतात, पण आपटता कामा नयेत. खटखट ऐकू आली तर उंची जास्त झाली.

नव्या कवळीने तोंडाचा आकार बराच परत आला, सगळा नाही. गालातली चरबी वयाबरोबर उतरलीच आहे आणि वरच्या जबड्याचं हाडही मागे गेलं आहे, ते कवळी भरून काढत नाही. नवी कवळी बसल्यावर पहिल्या आठवड्यात हिरडीला टोचतंही. तेव्हा घरी कानस घेऊन बसायचं नाही. कवळी घालून डॉक्टरांकडे जायचं, म्हणजे लाल झालेली जागा दिसते आणि नेमकं तेवढंच घासता येतं.

राहिली डावी पापणी. घरच्यांना सगळ्यात जास्त काळजी तिचीच होती. १९७५ चा फोटो मोठा करून पाहिला, तर डावी पापणी तेव्हाही उजवीपेक्षा किंचित खालीच! डोळ्यांचे आणि मेंदूचे डॉक्टर अशा वेळी जुना फोटो मागतात, तो उगाच नाही. निवडणूक ओळखपत्र, पासपोर्ट, लग्नाचा अल्बम, काहीही चालतं, समोरून काढलेला असला म्हणजे झालं. सेल्फीचं जरा जपून, काही फोन त्यात उजव्याचं डावं करतात. वर्षानुवर्षं तशीच असलेली पापणी सवडीने दाखवली तरी चालते. जुन्या फोटोत नसलेली आणि अचानक खाली आलेली पापणी, सोबत दोन-दोन दिसणं, बाहुल्या लहान-मोठ्या होणं, तोंड एका बाजूला ओढलं जाणं किंवा बोबडं बोलणं, यातलं काहीही असेल तर फोटो शोधत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.