हॉल व्होल्टेज: एका वाचनात ना चिन्ह, ना घनता

«हॉल इफेक्टमध्ये अवघड काहीच नाही. पट्टीतून प्रवाह सोडा, चुंबकात धरा. इलेक्ट्रॉन एका काठाला जातात, होल समोरच्या काठाला, म्हणून चिन्हावरून वाहक ओळखता येतो. मिलिव्होल्ट एकदा वाचा, n = IB/(etV) मध्ये टाका, घनता हातात. धातूत तर चिन्ह ऋणच येणार, तिथे इलेक्ट्रॉनशिवाय आहे कोण?»

प्रवाह वाहणारी पट्टी चुंबकीय क्षेत्रात धरली की तिच्या दोन काठांमध्ये जे व्होल्टेज येतं, त्या हॉल व्होल्टेजबद्दल असं सांगणारे नेहमी भेटतात. पण या पाच वाक्यांत चार चुका आहेत, आणि पहिली चूक पुढच्या एकीला जन्म देते. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

कागदावर एक आडवी पट्टी काढा. प्रवाह डावीकडून उजवीकडे, चुंबकीय क्षेत्र कागदातून बाहेर, तुमच्या दिशेने. वाहक धन, म्हणजे होल, असतील तर ते उजवीकडे चालले आहेत आणि त्यांच्यावरचं बल कागदाच्या खालच्या काठाकडे आहे. आता वाहक इलेक्ट्रॉन आहेत असं धरा. प्रवाह उजवीकडेच हवा, तर इलेक्ट्रॉनांना डावीकडे चालावं लागेल. वेग उलटला म्हणून बल उलटायला हवं. पण प्रभारही उलटा आहे, म्हणून ते आणखी एकदा उलटतं आणि पुन्हा खालच्याच काठाकडे येतं. प्रवाह आणि क्षेत्र ठरलं की ढकलण्याची दिशा ठरली, वाहक कोणीही असो. चिन्ह वेगळं येतं ते जागा बदलते म्हणून नाही, तर त्याच जागी वेगळ्या प्रभाराची गर्दी होते म्हणून. खालच्या काठावर धन वाहक जमले तर तो काठ धन, इलेक्ट्रॉन जमले तर ऋण.

हा निव्वळ शब्दच्छल वाटेल, पण तसा नाही. होल आणि इलेक्ट्रॉन विरुद्ध काठांना गेले असते, तर दोघांचा परिणाम एकमेकांत मिळून वाढला असता. ते एकाच काठाला जातात, म्हणून एकमेकांना मारतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिसऱ्या मुद्द्यात लागेल.

त्याआधी «एकदा वाचा» हे प्रकरण. जर्मेनियमची पी-टाइप पट्टी घेऊ: २० मिमी लांब, १० मिमी रुंद, १ मिमी जाड. होलची घनता दर घन सेंटिमीटरला १०¹⁵, प्रवाह १० मिलिअँपिअर, क्षेत्र ०.३ टेस्ला. सूत्राप्रमाणे हॉल व्होल्टेज येतं सुमारे १८.७ मिलिव्होल्ट. (सूत्रातला t म्हणजे क्षेत्राच्या दिशेने मोजलेली जाडी, म्हणजे इथे १ मिमी. रुंदी टाकणारे दर वर्षी भेटतात.)

पण व्होल्टमीटरला हॉल व्होल्टेज वेगळं ओळखता येत नाही. दोन तारांमध्ये जे काही असेल ते सगळं तो दाखवतो. या पट्टीची रोधकता साधारण ३.३ ओहम-सेंटिमीटर. तिच्यातून १० मिलिअँपिअर जाताना लांबीच्या दिशेने दर मिलिमीटरला जवळजवळ ३३ मिलिव्होल्टचा उतार तयार होतो. म्हणजे दोन काठांवरचे सोल्डरचे थेंब अगदी समोरासमोर नसतील आणि पाऊण मिलिमीटरने मागेपुढे असतील, तर क्षेत्र नसतानाही मीटर २४.७ मिलिव्होल्ट दाखवणार. सोल्डरचा थेंबच दीड-दोन मिलिमीटरचा असतो. त्यात पाऊण मिलिमीटर डोळ्याला दिसतही नाही.

मीटरची लाल तार खालच्या काठाला आहे आणि ही चूक ऋण बाजूने लागते आहे, असं समजा. क्षेत्र सुरू केलं की वाचन येईल १८.७ वजा २४.७, म्हणजे उणे ६.० मिलिव्होल्ट. «एकदा वाचणारा» इथेच थांबतो आणि वहीत लिहितो: एन-टाइप, घनता ३.१ × १०¹⁵. चिन्ह चूक, आकडा तिपटीने चूक, आणि वाचन मात्र इतकं स्थिर की शंका येऊ नये! मी स्वतः एकदा असाच एक अख्खा दिवस पी-टाइप नमुन्याला एन-टाइप म्हणत बसलो होतो. नमुना उलट बाजूने बसवल्यावर चिन्ह बदललं नाही, तेव्हा कुठे उजेड पडला.

उपाय जुना आणि साधा आहे: क्षेत्र उलटं करून पुन्हा वाचायचं. हॉल व्होल्टेज क्षेत्राबरोबर उलटतं; तारांच्या तिरकेपणाचं व्होल्टेज उलटत नाही. आपल्या पट्टीवर क्षेत्र उलटल्यावर वाचन येईल उणे ४३.४. दोन वाचनांची वजाबाकी करून अर्धं केलं की (−६.० + ४३.४)/२ = +१८.७ मिलिव्होल्ट, हे खरं हॉल व्होल्टेज. बेरीज करून अर्धं केलं की −२४.७, हा तिरकेपणा. चुंबकामुळे पट्टीचा रोध थोडा वाढतो आणि तिरकेपणाचं व्होल्टेजही त्याबरोबर वाढतं, पण ती वाढ क्षेत्राच्या दोन्ही दिशांना सारखीच असते, त्यामुळे वजाबाकीत तीही निघून जाते. म्हणूनच क्षेत्र बंद करून घेतलेलं शून्य वजा करण्यापेक्षा क्षेत्र उलटणं बरं. शिवाय विद्युतचुंबकाचा प्रवाह बंद केला तरी लोखंडी गाभ्यात थोडं चुंबकत्व उरतंच, तेव्हा ते «शून्य» तरी शून्य कुठे असतं?

प्रवाहही उलटून घ्यावा, म्हणजे दोन संपर्कांच्या तापमानातल्या फरकामुळे येणारं व्होल्टेज जातं. म्हणजे चार वाचनं झाली. एक पाहुणा तरीही उरतो: प्रवाह आणि क्षेत्र मिळून पट्टीच्या दोन काठांत तापमानाचा फरक पाडतात, त्यातून आलेलं व्होल्टेज प्रवाहाबरोबरही उलटतं आणि क्षेत्राबरोबरही, अगदी हॉल व्होल्टेजसारखं. ते बहुधा लहान असतं, पण वाचनांच्या अदलाबदलीने जात नाही.

आता सूत्राकडे येऊ. ते एकाच जातीच्या वाहकांसाठी लिहिलेलं आहे. हीच पट्टी तापवा. तापमान वाढलं की जर्मेनियममध्ये इलेक्ट्रॉन आणि होल जोडीने तयार होऊ लागतात. दोघंही खालच्याच काठाकडे ढकलले जातात, आणि जर्मेनियममध्ये इलेक्ट्रॉन होलपेक्षा साधारण दुप्पट चपळ आहेत. दोन जातींचं सूत्र असं, यात p आणि n म्हणजे होल आणि इलेक्ट्रॉनांच्या घनता, μh आणि μe म्हणजे त्यांची चपळाई, आणि R म्हणजे हॉल व्होल्टेज ज्याच्या प्रमाणात येतं तो गुणांक:

R = (p·μh² − n·μe²) / [e (p·μh + n·μe)²]

वर चपळाईचा वर्ग का, तर ती दोनदा कामी येते. जास्त चपळ वाहक पट्टीच्या लांबीत जास्त वेगाने जातो, म्हणून त्याच्यावरचं चुंबकीय बल जास्त. आणि त्या बलाला तो आडव्या दिशेतही जास्त चटकन प्रतिसाद देतो. दुप्पट चपळ इलेक्ट्रॉन म्हणजे काठावरच्या चढाओढीत चार होलांच्या बरोबरीचा एक.

आकडे घालून पाहू. चपळाईचं गुणोत्तर २.०५ धरलं तर वर्ग ४.२. पट्टी साधारण ९० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचली की तापमानाने तयार झालेले इलेक्ट्रॉन २ × १०¹⁴ होतात आणि होल १.२ × १०¹⁵. एक जातीचं सूत्र तेव्हा काय सांगतं? होल ७.२ × १०¹⁵. सहापट चूक, आणि या वेळी चिन्ह बरोबर, क्षेत्र उलटून पाहिलेलं, मोजणाऱ्याचा काही दोष नाही! आणखी थोडं तापवलं, १०० अंशांच्या जवळपास, की होल इलेक्ट्रॉनांच्या ४.२ पट उरतात आणि हॉल व्होल्टेज चक्क शून्य होतं. सूत्रावर विश्वास ठेवायचा तर त्या क्षणी पट्टीत अनंत वाहक आहेत. त्याच्याही पुढे व्होल्टेज ऋण होतं, तरीही पट्टीत होल इलेक्ट्रॉनांपेक्षा जास्तच असतात.

हे ओळखायचं कसं? पट्टीचा रोध सोबत मोजा. वाहक खरंच सहा-सातपट झाले असते तर रोध त्याच मानाने कोसळला असता. तो तितका उतरत नाही. आणि तापवताना हॉल व्होल्टेज शून्यातून पलीकडे गेलं, तर पट्टी नक्की पी-टाइप होती, कारण एन-टाइपमध्ये चपळ वाहक आधीच बहुसंख्य असतात आणि चिन्ह पहिल्यापासून शेवटपर्यंत ऋणच राहतं. घनता हवी असेल तर जोड्यांची गर्दी नसलेल्या तापमानाला मोजायची. १०¹⁵च्या या जर्मेनियमला खोलीचं तापमान चालतं: इलेक्ट्रॉन तिथे होलांच्या हजाराव्या हिश्श्यापेक्षाही कमी असतात. तरी त्या आकड्यावर दहा-वीस टक्क्यांचा भरवसा धरा, त्याहून जास्त नको. वाहक कशाला आपटून विखुरतात यावर सूत्रात एक गुणक येतो, साध्या बाबतीत १.१८, आणि तो बहुतेक जण १ धरून चालतात.

राहता राहिले धातू. एडविन हॉलने १८७९ मध्ये काचेवर चिकटवलेल्या सोन्याच्या वर्खावर हा परिणाम पाहिला, इलेक्ट्रॉन सापडण्याच्या १८ वर्षं आधी. त्याच्या पुढच्या मोजमापांत लोखंडाचं चिन्ह सोन्याच्या उलट आलं. लोखंड स्वतःच चुंबक, त्यात वेगळी भानगड आहे, म्हणून ते बाजूला ठेवू. पण जस्त, कॅडमियम, बेरिलियम हे काही चुंबकीय धातू नाहीत आणि तिघांचंही हॉल चिन्ह धन आहे.

इथे होल समजावताना दिली जाणारी रिकाम्या खुर्चीची उपमा तोंडघशी पडते. माणसं एकेक खुर्ची डावीकडे सरकली की रिकामी खुर्ची उजवीकडे जाते, हे ठीक. पण त्या उपमेत प्रत्यक्ष हलतात ती माणसं, म्हणजे इलेक्ट्रॉनच. तेच खालच्या काठाला ढकलले जातील आणि चिन्ह ऋण येईल. धन चिन्ह मिळतं ते स्फटिकामुळे. जवळजवळ भरलेल्या ऊर्जापट्ट्याच्या वरच्या टोकाशी इलेक्ट्रॉनवर बल लावलं की त्याचा वेग उलट्या दिशेने बदलतो, जणू त्याचं वस्तुमान ऋण आहे. तो हिशेब केला की उरलेली रिकामी जागा सगळ्याच बाबतींत धन प्रभाराच्या, धन वस्तुमानाच्या कणासारखी वागते. रुडॉल्फ पायर्ल्स यांनी १९२९ मध्ये हे मांडलं, तोवर धातूंचं धन चिन्ह कोडंच होतं.

आणि ॲल्युमिनियम तर दोन्ही करतं. शुद्ध तुकडा अतिशय थंड करून कमी क्षेत्रात मोजला तर चिन्ह ऋण आणि हिशेब दर अणूमागे तीन इलेक्ट्रॉनांच्या जवळ जातो. त्याच तुकड्यावर क्षेत्र पुरेसं वाढवत नेलं की चिन्ह धन होतं आणि दर अणूमागे एक होल निघतो.