चोवीस चौरस फुटांचं बोलणं

पुतणी राहुरीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. ॲग्री झाली आणि आईनं फर्मान काढलं, चौकात बोर्ड लागला पाहिजे आणि त्यावर माझं बोलणं पाहिजे. आमच्या चौकात बोर्डावर यायचं तर माणसाला एक तर निवडून यावं लागतं, नाही तर वारावं लागतं. नुसतं पास होऊन तिथं कुणी गेलेलं नाही. पण लिहून घ्यायचं काम घरात माझ्याकडं असतं, म्हणून मी वही घेऊन बसलो.

आई शाळेत गेलेली नाही. १९७२च्या दुष्काळात तिचे आईवडील खडी फोडायला जायचे आणि ही बाभळीखाली धाकट्या भावाला सांभाळत बसायची. दुष्काळ सरला, पण मागं आणखी दोन भावंडं आली आणि शाळा राहिली ती राहिलीच. पुढं साक्षरतेच्या वर्गात ती सही तेवढी शिकली. आकडे मात्र तिला कुणी शिकवावे लागले नाहीत.

मी बोर्डावर नेहमी असतं ते वाचून दाखवलं, "यशाच्या उत्तुंग शिखरावर विराजमान झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!"

"कुठं बसलीय ती?"

"शिखरावर."

"खाली उतरीव तिला. पेरण्या तोंडावर आल्यात."

मग ती सांगू लागली. "लिही. बाळा, तू चार वर्सं शेती शिकलीस. मला इचारलं असतंस तर मी घरीच सांगितली असती. पण मी सांगितलेलं कुनी लिहून घेतलं नसतं." मी पेन थांबवलं. म्हटलं, आई, हे अभिनंदन आहे की तक्रार? ती म्हणाली, "तू लिही, ती बघंल."

यामागं एक प्रकरण आहे. शेवटच्या वर्षाला या पोरांना गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करावं लागतं. तेव्हा पुतणीनं घरच्या सोयाबीनची उगवण तपासून दाखवली होती. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि आठवड्यानं निरोगी कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर बियाणं चाललं. कमी आले तर एकरी बी वाढवायचं, फारच कमी आले तर बियाणं बदलायचं. आई ते बघत शांत बसली होती, कारण ती दरसाल हेच करते. फक्त तिच्याकडं गोणपाटाऐवजी जुनं धोतर असतं. त्या वर्षी पुतणीचे अठ्ठ्याहत्तर आले, आईचे एक्क्याऐंशी. पुतणीनं दोन्ही आकडे अहवालात लिहिले आणि दुसऱ्यापुढं 'आजीची पद्धत' असं लिहिलं. तेव्हापासून तो अहवाल आमच्या देव्हाऱ्याशेजारी आहे. म्हणून मजकुराचं शेवटचं वाक्य असं ठरलं: "आपल्या शेतीचा कागद तू आणलास. तुझी आजी, चंद्रभागा."

फ्लेक्सवाल्याला सहा बाय चारमध्ये एवढा मजकूर नको होता. "काका, मोटारसायकलवरचा माणूस दोन ओळी वाचतो. आणि शुभेच्छुकांचे फोटो कुठं बसवू?" शुभेच्छुक अकरा होते, त्यात मुलीचे मामा सगळ्यात मोठे. त्यांना मी मुलीच्या फोटोपेक्षा थोडं लहान ठेवलं, यावर त्यांचे दोन फोन आले. शेवटी मामा वाढवले. त्यांना वाढवायचं म्हणून सगळी मांडणी हलली आणि माझ्या मोबाइलवरचा मजकूर त्या पोरानं पुन्हा कन्व्हर्टरमध्ये घातला. दुकानांतले जुने फॉन्ट मोबाइलचं मराठी ओळखत नाहीत, मधे कन्व्हर्टर लागतो आणि त्यातून येताना जोडाक्षरं आणि रफार सांडतात. गावोगावच्या बोर्डांवर 'हार्दिक'चं 'हादिक' होतं ते बहुधा असंच. पहिलं प्रूफ चोख होतं. दुसरं काढायला वेळ नव्हता, बोर्ड थेट छापून आला.

दुकानासमोर तो उलगडला. पुतणीचे वडील म्हणाले, झकास. आई पुढं झाली, वरचं सगळं सोडून खालच्या कोपऱ्याशी वाकली आणि बोट ठेवून म्हणाली, "ह्यो द माझा न्हाई."

"आजी, दच आहे तो."

"माझ्या दाच्या पोटाखाली काठी असती. मी सोसायटीत, बँकेत, रेशनला दर वेळी काढते. काठी कुठाय?"

बघितलं तर खरंच 'चंदभागा' छापलं होतं. पोरगा म्हणाला, एवढं कोण बघतंय. आई म्हणाली, "ज्याला दुसरं वाचता येत न्हाई, ते." त्यानं निमूटपणे नवा काढून दिला, फक्त कापडाचे पैसे घेऊन.

पुतणीनं पुण्याहून फोटो बघितला आणि पहिली तक्रार केली की माझा बारावीच्या हॉलतिकिटावरचा फोटो कुणी दिला. मजकुराबद्दल ती आजीशी फोनवर पाऊण तास बोलली. काय बोलली ते दोघींनीही सांगितलेलं नाही.

जुना फ्लेक्स आईनं दुकानात सोडला नाही. पैसे दिलेत म्हणाली. तो सध्या कडब्याच्या गंजीवर आहे, मामांची बाजू पश्चिमेला. आमच्याकडं पाऊस तिकडूनच येतो.