माझ्या कोटाला मार्क नव्हते

आमच्या महाविद्यालयातील अभिरूप न्यायालयाच्या निवड फेरीसाठी जे तिसरे वकीलसाहेब परीक्षक म्हणून यायचे होते, त्यांची खऱ्या न्यायालयातील तारीख लांबली. त्यामुळे चौथ्या वर्षाचा विद्यार्थी असलेल्या मला, दोन वर्षांपूर्वी विद्यापीठ पातळीवर एकदा हरून आल्याच्या अनुभवाच्या जोरावर, न्यायमूर्तींच्या खुर्चीत बसवण्यात आले. माझ्या उजवीकडे जिल्हा न्यायालयात पंचवीस वर्षे वकिली केलेले एक वकीलसाहेब होते आणि डावीकडे करार कायदा शिकवणाऱ्या आमच्या मॅडम. माझ्या पुढ्यात प्रत्येक वक्त्यासाठी एक याप्रमाणे चार गुणपत्रिका ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर पाच रकाने होते: कायद्याचे ज्ञान २५, वस्तुस्थितीला कायदा लागू करणे २५, प्रश्नांची उत्तरे २०, मांडणी व भाषा २०, शिष्टाचार व वेळ १०. इतक्या सरळ कागदाने माणसाचा घाम निघू शकतो, याची मला तोवर कल्पना नव्हती. मार्च महिना होता आणि पंखा बंद होता, हे खरे. परंतु घामाचे मूळ तिथे नव्हते.

परीक्षकाला वक्त्यांची ओळख पटू नये म्हणून संघांना सांकेतिक क्रमांक दिलेले असतात. नियम उत्तम आहे. अडचण एवढीच होती की, खरेदीदाराच्या बाजूचा दुसरा वक्ता ज्या काळ्या कोटात उभा होता तो कोट माझा होता. मधले बटण गेलेले आणि त्या जागी काळ्या दोऱ्याऐवजी निळ्या दोऱ्याने शिवलेले दुसरे बटण, ही माझ्याच हातची कारागिरी मी दहा फुटांवरून ओळखली. तो मुलगा वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत राहतो आणि आदल्या रात्री माझ्या अनुपस्थितीत माझ्या खोलीसोबत्याने त्याला कोट देऊन टाकला होता. मी मॅडमच्या कानात ही गोष्ट सांगितली. त्या गुणपत्रिकेवरून बोट फिरवीत म्हणाल्या, "कोटाला कुठं मार्क आहेत का बघ. नाहीत ना? मग ऐक." तरीही मनात भीती बसली ती बसलीच, आणि पुढचे सगळे रामायण त्या भीतीतून घडले.

वाद आमच्या भागाला शोभेसा होता. लातूरच्या एका व्यापाऱ्याने गोदामाची जागा ४० लाखांना घेण्याचा सौदा केला, सौदा ठरतानाच १ लाख दिले, दोन महिन्यांनी आणखी ९ लाख दिले आणि नंतर पैसे न जुळल्याने खरेदी पूर्ण केली नाही. करारात असे लिहिलेले होते की, खरेदीदाराने सौदा मोडल्यास दिलेले सर्व पैसे जप्त होतील. विक्रेत्याने १० लाख ठेवून घेतले आणि तीच जागा पुढे ४२ लाखांना दुसऱ्याला विकली. प्रश्न असा की, १० लाख त्याला पचू द्यायचे की नाही. याचे उत्तर भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ मध्ये आहे. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी न्यायालय त्या रकमेच्या आत, वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देते; लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा ठरते, हक्काची रक्कम नव्हे.

विक्रेत्याच्या बाजूचा पहिला वक्ता पुण्याच्या शाळेत शिकलेला होता. त्याचे इंग्रजी असे वाहत होते की, त्यात आपण मध्ये हात घातला तर हात वाहून जाईल असे वाटावे. कलम ७४ मधील 'प्रत्यक्ष नुकसान सिद्ध झालेले असो वा नसो' हे शब्द त्याने तीनदा, तीन वेगवेगळ्या चढउतारांनी म्हटले. मॅडमनी विचारले की, जागा ४२ लाखांना विकली गेली असताना विक्रेत्याचे नुकसान नेमके कोणते? तो किंचित झुकून म्हणाला की, त्या मुद्द्याकडे मी येतोच आहे. मी विचारले की, नंतर दिलेले ९ लाखही इसारच समजायचे काय? त्याही मुद्द्याकडे तो येणार होता. मी एव्हाना भारावून गेलो होतो. कायद्याच्या ज्ञानाला १९, वस्तुस्थितीला १९, असे करीत त्याची बेरीज मी ७६ वर नेऊन ठेवली.

माझा कोट मात्र त्याच्या आधी बोलून गेला होता आणि त्याला मी ७१ दिले होते. त्याचे इंग्रजी अडखळत होते. 'रीझनेबल' हा शब्द तो दर वेळी नव्याने शोधून काढीत होता. वकीलसाहेबांनी त्याला विचारले होते की, करारात सही केली असताना आता पैसे परत मागायला लाज कशी वाटत नाही? (हा प्रश्न कायद्याचा नव्हता, पण न्यायासनावर बसल्यावर असे प्रश्न आपोआप सुचतात, हे मी स्वतः अनुभवले आहे.) तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "माय लॉर्ड, वन लॅक इज इसार. नाइन लॅक इज नॉट इसार. नाइन लॅक इज प्राइस." पाठोपाठ त्याने १९६३ च्या फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या निकालाचा आधार दिला. त्या खटल्यात खरेदीदाराने इसार म्हणून १,००० रुपये आणि नंतर २४,००० रुपये दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने १,००० रुपयांची जप्ती मान्य केली आणि २४,००० रुपये केवळ करारात तसे लिहिले आहे म्हणून ठेवून घेता येणार नाहीत, असे ठरवले. वकीलसाहेब तेव्हा मागे वळून पाण्याची बाटली मागत होते.

फेरी संपल्यावर गुणपत्रिका द्यायला दहा मिनिटे होती, म्हणून मी आपली टिपणे चाळली. टिपणे काढण्याची माझी एक सवय आहे. वक्ता 'त्या मुद्द्याकडे येतो' असे म्हणाला की, मी प्रश्नापुढे एक बाण काढतो आणि तो खरोखर आला की बाणाला टोक जोडून वर्तुळ बंद करतो. पुण्याकडच्या वक्त्याच्या कागदावर तीन बाण निघाले होते आणि एकही बंद झालेला नव्हता. बारा मिनिटांत तो कुठेही आला नव्हता. फक्त फार सुंदर रीतीने येत होता. माझ्या कोटाच्या कागदावर बाणच नव्हता, कारण तो प्रत्येक प्रश्नाला तिथल्या तिथे, जमेल त्या इंग्रजीत, उत्तर देत गेला होता. मग माझ्या ध्यानात आले की, एकाची भाषा ऐकून मी त्याला भाषेचे मार्क भाषेच्या रकान्यात दिलेच होते आणि वर कायद्याच्या, वस्तुस्थितीच्या व उत्तरांच्या रकान्यांतही तेच मार्क पुन्हा वाटले होते. म्हणजे एकाच गुणाची चार ठिकाणी वसुली झाली होती. त्याला मी १९ वरून १७ वर आणले आणि बाकीचे दोन रकानेही सोलले. ७६ चे ७१ झाले. दुसऱ्याचे ७१ चे ७७ केले. त्याला याहून अधिक द्यावे असे मनात होते. खरे सांगायचे तर त्या दिवशीचा सर्वोत्तम वक्ता तोच होता आणि माझ्या मते तो ८८ चा धनी होता. परंतु ते निळ्या दोऱ्याचे बटण डोळ्यांसमोर होते. आपल्याच कोटाला ८८ दिले असे कोणी म्हणू नये म्हणून मी ७७ वर थांबलो आणि आपण फार निःपक्ष आहोत असे मला वाटले. मॅडमनी माझा कागद ओझरता पाहिला. "सगळे सत्तर ते सत्त्याहत्तर? मार्क द्यायलास का रेशनचे गहू वाटायलास?" एवढेच त्या म्हणाल्या.

गुणपत्रिका गोळा झाल्यावर आणि निकालापूर्वी अभिप्राय द्यायचा असतो, म्हणजे मार्क बदलण्याची सोय उरलेली नसते. वकीलसाहेबांनी सुरुवात केली आणि औरंगाबाद खंडपीठापुढे त्यांनी चालवलेल्या एका अपिलाची हकीकत बावीस मिनिटे सांगितली. ती ऐकण्यासारखी होती, पण त्यात चौघांपैकी कोणाचाही उल्लेख नव्हता. माझ्या वाट्याला चार मिनिटे आली. 'आत्मविश्वास चांगला होता' हे वाक्य ओठांवर आले होते. परंतु मला स्वतःला दोन वर्षांपूर्वी हेच वाक्य मिळाले होते आणि त्याचे काय करायचे हे मला अजून कळलेले नाही. म्हणून मी टिपणेच वाचून दाखवली. पुण्याकडच्या वक्त्याला म्हणालो की, ४२ लाखांचा प्रश्न तुम्हाला पाचव्या मिनिटाला विचारला गेला आणि बाराव्या मिनिटापर्यंत त्याचे उत्तर आले नाही. 'होय, फेरविक्रीत तोटा झाला नाही, तथापि आमचा दावा मधल्या काळातील व्याजाचा आहे' असे एक वाक्य त्याच जागी म्हटले असते, तर निदान लढायला जमीन मिळाली असती. तो खाली बघून लिहून घेऊ लागला. माझ्या कोटाला म्हणालो की, इसार आणि किंमत यांतला फरक तुम्ही ज्या तीन वाक्यांत सांगितलात तीच तुमची सुरुवात असायला हवी होती. ती वकीलसाहेबांच्या प्रश्नाची वाट बघत सातव्या मिनिटापर्यंत लपून राहिली. मॅडमनी मान हलवली. मला बरे वाटले.

मग निकाल लागला. आमच्याकडे तिन्ही परीक्षकांचे मार्क सरळ एकत्र मिळवतात. माझ्या कागदावर खरेदीदारांचा संघ १४७ आणि विक्रेत्यांचा १४१, म्हणजे खरेदीदार ६ ने पुढे होते. मॅडमच्या कागदावर १५४ आणि १४२, म्हणजे १२ ने पुढे. वकीलसाहेबांच्या कागदावर ११५ आणि १५०. त्यांनी पुण्याकडच्या वक्त्याला ८८ आणि माझ्या कोटाला ६० दिले होते. त्यांची ३५ ची आघाडी आमच्या दोघांच्या मिळून १८ ला पुरून उरली आणि विक्रेते १७ मार्कांनी जिंकले. तिघांपैकी दोघांनी ज्यांना पुढे ठेवले, ते हरले. यात वकीलसाहेबांचा काही दोष नव्हता. त्यांना जे वाटले ते त्यांनी मोकळ्या हाताने लिहिले आणि मी माझे मत सात मार्कांच्या डबीत कोंबून बसवले. ज्याच्या आकड्यांचा पसारा मोठा त्याचे मत बेरजेत मोठे, हे साधे अंकगणित होते. काही स्पर्धांत प्रत्येक परीक्षकाचा कौल वेगळा मोजतात आणि कौल २-१ असा धरतात. तसा नियम असता तर खरेदीदार अंतिम फेरीत गेले असते. तो नियम आमच्याकडे नाही. तो नाही हे मला आधीपासून ठाऊक होते, कारण नियमावलीचे टंकलेखन मीच केले होते.

रात्री मेसमधून परत येत असताना तो मुलगा जिन्यात भेटला. कोट त्याने घडी करून हातावर घेतला होता. ते मधले बटण त्याने काढून काळ्या दोऱ्याने नीट शिवले होते.

"दादा," तो म्हणाला, "तुम्ही म्हणालात, इसाराचं ते उत्तर सगळ्यात चांगलं होतं."

"होतंच."

"मग सतरा मार्कांनी गेलो कसं आम्ही?"

गुणपत्रिका गोपनीय असतात असे मी त्याला सांगितले, आणि कोट घेतला.