टिक, गाण्याची खूण आणि व्ह्यू: आमच्या स्टुडिओवरच्या एका तक्रारीला उत्तर

★☆☆☆☆
«चॅनल ऑफिशियल करून देतो म्हणून पैसे घेतले. टिक आलीच नाही, गाण्याची खूण आली. व्ह्यू वाढायचे सोडून कमी झाले. वरून नंदुरबारच्या कुण्या भलत्याच गायकाचं गाणं माझ्या चॅनलवर दिसतंय. कुणी जाऊ नका.»

राम राम भाऊ. तुमचं नाव इथे लिहीत नाही, पण काम आमच्या लक्षात आहे. हे उत्तर मोठं होतंय, कारण शिरपूरपासून चाळीसगावपर्यंत अहिराणी गाणी करणारी बरीच मुलं हेच विचारत येतात.

आधी टिकबद्दल. यूट्यूबची राखाडी टिक मागायचा अर्जच एक लाख सबस्क्रायबर झाल्यावर करता येतो. त्यानंतर चॅनल खरोखर त्याच माणसाचं आहे का, फोटो आणि माहिती भरलेली आहे का, चॅनल चालू आहे का, हे यूट्यूब बघतं आणि मग ठरवतं. तुमचे सबस्क्रायबर चौदा हजार आहेत. त्यामुळे टिक आम्ही काय, कुणीच मिळवून देऊ शकत नाही. इन्स्टाग्राम-फेसबुकवर 2023 पासून महिन्याचे पैसे भरून निळी टिक घेता येते, म्हणून लोकांना वाटतं सगळीकडे तसंच असेल. यूट्यूबवर तसं नाही. कुणी टिकसाठी पैसे आणि वर जीमेलचा पासवर्ड मागत असेल, तर त्याचा डोळा तुमच्या चॅनलवर आहे असं समजा.

तुम्हाला मिळाली ती गाण्याची खूण म्हणजे ऑफिशियल आर्टिस्ट चॅनल. याला एक लाखाची अट नाही. अटी वेगळ्या आहेत: चॅनल एकाच गायकाचं किंवा एकाच बँडचं असलं पाहिजे, त्याचं निदान एक गाणं डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गायकांची गाणी यूट्यूबसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, किंवा लेबलमार्फत यूट्यूबवर गेलेलं असलं पाहिजे, आणि चॅनलवर नियमभंग नको. एकदा ही खूण आली की नावापुढे टिकच्या जागी तीच दिसते. म्हणजे टिकऐवजी काहीतरी हलकं गळ्यात मारलं, असा प्रकार नाही. पावतीवर रेकॉर्डिंग, कव्हर, रिलीज आणि आर्टिस्ट चॅनलचा अर्ज एवढंच लिहिलेलं आहे, एकदा बघा.

«एकाच गायकाचं» ही अट आपल्याकडे सगळ्यात जास्त नडते. खान्देशातले बहुतेक चॅनल कुणाच्या तरी प्रॉडक्शनचे असतात. त्यावर चार गायक, दोन गायिका, एखादी कॉमेडी आणि मध्येच गावच्या यात्रेचा व्हिडिओ. असा चॅनल कितीही मोठा झाला तरी त्याला ही खूण मिळत नाही, टिक मिळू शकते. तुमच्या चॅनलवरही मित्रांची गाणी होती. ती काढल्याशिवाय अर्ज करणार नाही म्हटल्यावर तुम्ही चिडला होतात, पण ती काढली म्हणूनच अर्ज पुढे गेला.

आता खुणेने नेमकं काय बदललं ते सांगतो. डिस्ट्रिब्युटरने गाणं पाठवलं की यूट्यूब त्या गायकाच्या नावाने स्वतःच एक चॅनल तयार करतं. नावापुढे - Topic लिहिलेलं असतं आणि तिथल्या गाण्यांच्या माहितीत तळाशी Auto-generated by YouTube अशी ओळ असते. तिथे नुसतं कव्हरचं चित्र आणि आवाज असतो. तुमचाही असा टॉपिक चॅनल होता आणि सहाशेच्या आसपास लोकांनी त्यालाच तुमचा चॅनल समजून सबस्क्राइब केलं होतं. तुम्ही नवीन व्हिडिओ टाकला की त्यांना पत्ताच नसायचा. आर्टिस्ट चॅनल झाल्यावर ते लोक तुमच्याकडे जोडले गेले. जूनमध्ये सबस्क्रायबरचा आकडा एकदम वर सरकला तो त्याचमुळे. ऑडिओची गाणीही तुमच्याच पानावर दिसू लागली. मात्र व्हिडिओचे व्ह्यू आणि ऑडिओचे व्ह्यू एकत्र मोजले जात नाहीत, ज्याचे त्याच्याकडे राहतात.

यापुढे व्ह्यू वाढवायचं काम ही खूण करत नाही, टिकही करत नाही. यूट्यूब स्वतःच सांगतं की टिक मिळाल्याने चॅनलला जादा सोयी मिळत नाहीत. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे शेत कुणाचं ते कळतं, कापूस किती निघेल ते नाही. तुमचा व्हिडिओ दुसऱ्याच्या मोबाइलवर पुढे येतो तो लोकांनी चित्र बघून दाबला का, किती वेळ पाहिला आणि तो माणूस एरवी काय बघतो यावरून.

मग व्ह्यू का पडले? तुमचं चाललेलं गाणं हळदीचं आहे. ते मार्चमध्ये आलं, एप्रिल-मे लग्नसराईत डीजेवर वाजलं, आणि खूण आली जूनमध्ये. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबली आणि हळदीची सगळीच गाणी खाली आली. हे माझ्या शब्दावर घेऊ नका. यूट्यूब स्टुडिओत त्या गाण्याच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये ट्रॅफिक सोर्स उघडा आणि मे व जुलै शेजारी ठेवा. सर्चमध्ये «हळदीचं अहिराणी गाणं» असले शब्द आटलेले दिसतील, तुमच्या नावाने शोधणारे फारसे कमी झालेले नसतील. सर्च जागेवर राहून फक्त होम आणि सजेस्टेड खाली गेलं असेल, तर गोष्ट वेगळी. मग थंबनेल आणि सुरुवातीचा अर्धा मिनिट तपासावा लागेल. ते आपण मिळून बघू.

एक गोष्ट मात्र कुठलीही खूण करू शकत नाही. तुमचं सगळ्यात गाजलेलं गाणं दुसऱ्याच्या प्रॉडक्शनच्या चॅनलवर आहे. त्याचे व्ह्यू, सबस्क्रायबर आणि पैसे त्याच चॅनलचे. ते तुमच्याकडे वळतील अशी आशा तुम्ही धरली होती, हे मला बोलण्यातून जाणवलं होतं आणि तेव्हाही मी नाहीच म्हटलं होतं.

नंदुरबारच्या गाण्याबद्दलची तुमची तक्रार खरी आहे. तुमचं आणि त्या गायकाचं नाव-आडनाव एकच. आपल्याकडे पाटील, महाजन, चौधरी गावोगाव आहेत, त्यामुळे हे होतंच. त्याने दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरकडून गाणं पाठवताना फक्त नाव लिहिलं, चॅनलची ओळख दिली नाही, आणि यूट्यूबने ते त्याच नावाच्या आधीच्या कलाकाराला जोडलं. उलटही घडतं: एकदा नाव देवनागरीत आणि एकदा इंग्रजीत लिहिलं, किंवा स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडं झालं, तर एकाच गायकाचे दोन टॉपिक चॅनल उभे राहतात.

यावर उपाय डिस्ट्रिब्युटरकडूनच होतो. चुकीच्या गाण्याची लिंक, त्या रिलीजची ओळख पटवणारा यूपीसी नंबर आणि तुमच्या चॅनलचा UC ने सुरू होणारा आयडी असं सगळं देऊन आम्ही तक्रार पाठवली आहे. गाणं हलवायला काही आठवडे लागतात. तोवर कृपा करून त्या गाण्यावर कॉपीराइट स्ट्राइक टाकू नका. गाणं त्याचं आहे, खोटा दावा तुमच्याच अंगाशी येईल.

श्रावणात कानबाईचं गाणं काढायचं म्हणत होतात. ते कुठूनही रिलीज करा, आमच्याकडूनच करा असं नाही. फक्त फॉर्ममध्ये «नवीन कलाकार» निवडू नका, तोच आयडी टाका आणि नावाचं स्पेलिंग पहिल्या गाण्यावर आहे तेच ठेवा.