ℚ/ℤ विभाज्य नाही? खुलासा

ℚ/ℤ म्हणजे परिमेय संख्यांचा गट, ज्यात पूर्णांक शून्य मानायचे. गट विभाज्य म्हणजे त्यातल्या प्रत्येक घटकाला कुठल्याही धन पूर्णांक n ने भागता येतं, आणि घटकाची कोटी म्हणजे ज्या सर्वांत लहान धन पूर्णांकाने गुणल्यावर तो शून्य होतो ती संख्या. एक आक्षेप असा येतो:

"ℚ/ℤ मध्ये प्रत्येक घटकाची कोटी सांत आहे. मग कोटी 6 असलेल्या घटकाला 6 ने भागणार कसं? 6 ने गुणलं की सगळं शून्यच होतं. म्हणजे हा गट विभाज्य नाही."

"सगळं शून्य" इथेच गफलत आहे. 6 ने गुणल्यावर शून्य होतात ते फक्त 0, 1/6, 2/6, … 5/6 हे सहा घटक, बाकीचे नाहीत. 5/6 घ्या. याची कोटी 6, कारण 6 × 5/6 = 5 हा पूर्णांक, म्हणजे इथे शून्य. आता 6y = 5/6 सोडवा: y = 5/36. याची कोटी 36, तीही सांतच. कुठलाही a/b घ्या, b ने गुणलं की शून्य. n ने भागायचा तर a/(nb) तयारच आहे.

गैरसमज येतो सांत गटांवरून. तिथे गटाच्या आकाराने गुणलं की खरंच सगळे घटक शून्य होतात, म्हणून शून्याखेरीज कशालाच त्या आकाराने भागता येत नाही. ℚ/ℤ मध्ये एकेक कोटी सांत असली, तरी सगळ्या कोटींना मिळून वरची मर्यादा नाही.

भागाकार एकमेव मात्र नाही. 5/36 मध्ये 1/6 मिळवत जा: 11/36, 17/36, 23/36, 29/36, 35/36 हीसुद्धा उत्तरंच. ℚ मध्ये असं होत नाही.