आधी फोन, मग व्हिडिओ

"तुमचा प्रोफाइल आमच्या क्लायंटच्या रिक्वायरमेंटला मॅच होतोय. अपडेटेड सीव्ही आणि दोन मिनिटांचा सेल्फ-इंट्रो व्हिडिओ आज संध्याकाळपर्यंत पाठवा."

हा मेसेज हल्ली बऱ्याच जणांना येतो. कंपनीचं नाव नाही, पगाराचा आकडा नाही, काम काय ते अर्ध्या ओळीत. फोनवर एक शब्द बोलणं झालेलं नसतं आणि समोरच्याला तुमचा चेहरा, आवाज आणि मागची भिंत हवी असते, तीही संध्याकाळपर्यंत.

मी काही वर्षं पुण्यातल्या एका स्टाफिंग कंपनीत काम केलंय, त्यामुळे टेबलाच्या पलीकडे काय चालतं ते मला ठाऊक आहे. माझं मत सरळ आहे. व्हिडिओला नाही म्हणू नका, पण पहिल्या मेसेजवर पाठवूही नका. आधी दहा मिनिटांचा फोन मागा.

रिक्रूटर व्हिडिओ का मागतो ते आधी समजून घ्या. दर वेळी त्याच्या मनात काळंबेरं असतं असं नाही. आयटीत मुलाखतीला एक जण बसतो आणि रुजू व्हायला दुसराच येतो, हे प्रकार खरंच झालेत. त्यामुळे माणूस तोच आहे याची खात्री क्लायंटला हवी असते. दुसरं कारण म्हणजे 'कम्युनिकेशन कसं आहे?' हा क्लायंटचा ठरलेला प्रश्न. सीव्हीसोबत व्हिडिओ जोडला की रिक्रूटरची त्यातून सुटका होते. तिसरं कारण कुणी बोलून दाखवत नाही. फोन केला तर एका उमेदवारामागे त्याची पंधरा मिनिटं जातात, आणि व्हिडिओ मागितला तर तुमची अख्खी संध्याकाळ. तो मात्र पहिली पंधरा-वीस सेकंदं बघून पुढे जातो. आमच्याकडे हेच व्हायचं.

यामागे पैशाचं गणितही आहे. रिक्रूटरच्या कन्सल्टन्सीला साधारणपणे उमेदवाराच्या वार्षिक सीटीसीच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, फी म्हणून मिळते. बारा लाखांच्या जागेवर जवळजवळ लाख रुपये. पण ती फी उमेदवार रुजू झाला तरच, आणि तो त्यांच्यामार्फत गेला असेल तरच. म्हणून एकाच जागेसाठी तीन-तीन कन्सल्टन्सी धावतात आणि जिचा सीव्ही क्लायंटकडे आधी पोचला तिचा हक्क धरला जातो. 'आज संध्याकाळपर्यंत' ही घाई बहुतेक वेळा त्या शर्यतीची असते. तुमच्या करिअरशी तिचा काडीचा संबंध नसतो. उलट दोन कन्सल्टन्सींकडून तुमचंच नाव गेलं, तर कटकट नको म्हणून क्लायंट तुम्हालाच बाजूला ठेवू शकतो. म्हणून कंपनीचं नाव कळल्याशिवाय सीव्हीसुद्धा पुढे पाठवू द्यायचा नसतो, मग व्हिडिओची गोष्टच सोडा.

फोन आणि व्हिडिओ यांत मोठा फरक आहे. फोनवर दोन्ही बाजूंना माहिती मिळते. तो तुमचा नोटीस पिरियड विचारतो, तुम्ही त्याला शिफ्ट विचारता. व्हिडिओत तुम्ही सगळं सांगता आणि तुम्हाला काहीच कळत नाही.

माझ्या भाचीचंच उदाहरण घ्या. हिंजवडीत टेस्टिंगमध्ये आहे, चार वर्षांचा अनुभव, नोटीस दोन महिन्यांची. तिला असाच मेसेज आला. तिचा पहिला विचार होता की ड्रेस कुठला घालू. मी म्हटलं, थांब जरा, आधी उत्तर लिही. तिनं पाठवलं ते इंग्रजीत होतं, पण मजकूर असा:

"नमस्कार, संपर्क केल्याबद्दल आभार. या जागेत मला रस आहे. व्हिडिओ पाठवायला माझी हरकत नाही, पण त्याआधी दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का? आज साडेसहानंतर किंवा उद्या सकाळी नऊच्या आत मी मोकळी आहे. कंपनी कोणती, काम कायमस्वरूपी की कॉन्ट्रॅक्टवर, आणि पगाराची रेंज काय, एवढं कळलं तर बरं होईल. व्हिडिओ कोण बघणार आणि प्रक्रिया संपल्यावर त्याचं काय होणार, तेही कृपया सांगावं. तोपर्यंत माझा सीव्ही कुठेही पुढे पाठवू नये."

यात नकार नाही, तक्रार नाही, आणि वेळही दिलेली आहे. ती सगळ्यात महत्त्वाची. 'कधीही कॉल करा' लिहिलं की कॉल येत नाही. आणि शेवटचं वाक्य गाळू नका, कारण तोच लेखी पुरावा असतो.

अशा उत्तरावर तीनपैकी एक गोष्ट होते. एक, फोन येतो. दोन, 'क्लायंटचं नाव गोपनीय आहे, पण काम असं, रेंज अशी' एवढं तरी उत्तर येतं. हेही चालतं, नाव फोनवर सांगतात. तीन, 'व्हिडिओशिवाय पुढे जाता येणार नाही' किंवा नुसती शांतता. या तिसऱ्यात हाती काही नव्हतंच असं मी धरते. ज्याच्याकडे खरी जागा असते आणि ज्याला तुमचा सीव्ही खरंच आवडलेला असतो, तो लाख रुपयांच्या फीसाठी दहा मिनिटं काढतोच.

भाचीला फोन आला. दहा-बारा मिनिटांत कळलं की जागा खराडीची, पण पगार तिसऱ्याच कंपनीच्या पेरोलवर, कॉन्ट्रॅक्ट एका वर्षाचं आणि शिफ्ट अमेरिकेच्या वेळेची. तिला यातलं काहीच नको होतं. तिनं नम्रपणे नाही सांगितलं, विषय संपला. व्हिडिओ पाठवला असता तर तो अशा जागेसाठी फिरत राहिला असता जी तिला घ्यायचीच नव्हती.

फिरत राहणं हा माझा खरा आक्षेप आहे. व्हिडिओ रिक्रूटरच्या फोनमध्ये जातो, तिथून टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, तिथून क्लायंटच्या एचआरकडे. पुढच्या महिन्यात दुसरी जागा आली की तोच व्हिडिओ तुम्हाला न विचारता तिसरीकडे. मुलींच्या बाबतीत हे किती नकोसं आहे ते वेगळं सांगायला नको. शिवाय सीव्हीत जे दिसत नाही ते सगळं व्हिडिओत दिसतं: रंग, वय, गरोदरपण, टिकली की हिजाब, नांदेडकडचा हेल, दहा बाय बाराच्या खोलीतलं कपाट. कामाचा एक प्रश्न विचारण्याआधी हे सगळं बघून झालेलं असतं. अमेरिकेत रोजगारातल्या भेदभावावर लक्ष ठेवणारा आयोग, ईईओसी, कंपन्यांना सांगतो की अर्जदाराकडे फोटो मागू नका, ओळख पटवायला लागलाच तर ऑफर स्वीकारल्यावर घ्या. आपल्याकडे सीव्हीवर फोटो चिकटवायची सवय इतकी जुनी आहे की यात कुणाला काही खटकतच नाही.

आपल्याकडे 2023चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झालाय. संमती घेताना कोणती माहिती कशासाठी हवी ते सांगायला हवं आणि दिलेली संमती मागे घेता यायला हवी, हे त्यात आहे. तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत, त्यामुळे रिक्रूटरला कलमं ऐकवत बसू नका. पण 'व्हिडिओचं नंतर काय करता?' हा प्रश्न आगाऊपणाचा नाही, एवढं त्यातून नक्की ठरतं.

बरं, फोन झाला, जागा पटली आणि व्हिडिओ द्यायचा ठरलं. मग करा, पण अशा पद्धतीनं.

पहिल्याच वाक्यात कंपनीचं, पदाचं नाव आणि महिना बोला. "मी अमुक, अमुक कंपनीच्या सीनियर टेस्ट इंजिनिअर या पदासाठी हा परिचय देते आहे, महिना अमुक." माझ्या मते या सगळ्या लिखाणातली कामाची गोष्ट हीच. हे वाक्य आत असलं की तो व्हिडिओ दुसऱ्या क्लायंटला खपवता येत नाही. कापायचा म्हटला तर सुरुवातच जाते, आणि तेवढी मेहनत कुणी घेत नाही. शिवाय ज्याच्यासाठी केलाय त्याला तो खास आपल्यासाठी केलाय असं वाटतं, हा वरचा फायदा.

लांबी नव्वद सेकंद पुरे. इंग्रजीत सावकाश बोललं तर तेवढ्यात दोनशेच्या आत शब्द बसतात, म्हणून सीव्ही वाचून दाखवत बसू नका. एकच काम निवडा. भाचीनं पुढे दुसऱ्या जागेसाठी केला, तेव्हा ती फक्त एवढंच बोलली: पेमेंटच्या मॉड्यूलचं रिग्रेशन टेस्टिंग हातानं करायला दोन दिवस लागायचे, तिनं सेलेनियममध्ये स्क्रिप्ट लिहिल्या आणि ते एका रात्रीत व्हायला लागलं. त्यात मध्ये काय बिघडलं, कसं निस्तरलं. मग नोटीस पिरियड, आणि आभार. मॅनेजरनं मुलाखतीत पहिला प्रश्न त्या स्क्रिप्टवरच विचारला.

जन्मतारीख, पत्ता, सध्याचा पगार, लग्न झालंय की नाही, सध्याच्या क्लायंटचं नाव, हे बोलायचं नाही. आणि 'ओळख पटवायला आधार किंवा पॅन हातात धरून बोला' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. बँकांच्या व्हिडिओ केवायसीतसुद्धा पलीकडे बँकेचा माणूस थेट जोडलेला असतो. कार्डासकट तयार रेकॉर्डिंग मागणाऱ्याला नोकरी द्यायची नसते.

उजेड तोंडावर हवा, म्हणजे खिडकी समोर, पाठीमागे नाही. फोन डोळ्यांच्या उंचीवर, पुस्तकांच्या थप्पीवर टेकवला तरी चालतो. मागे साधी भिंत. पंखा बंद, नाहीतर आवाजात घरघर येते.

पाठवताना फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर देऊ नका. मेलला जोडायला बहुधा मोठीच होते, जीमेलची मर्यादा 25 एमबी आहे. गुगल ड्राइव्हवर टाका, शेअर करताना फक्त त्या रिक्रूटरचा ऑफिसचा ईमेल लिहा, परवानगी फक्त बघण्याची ठेवा आणि डाउनलोडचा पर्याय बंद करा. ऑफिसचा ईमेल नसेल, नुसता जीमेल असेल, तर आधी कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून माणूस खरा आहे का ते बघा. यूट्यूबची अनलिस्टेड लिंक सोपी वाटते, पण ती ज्याच्या हाती पडेल तो बघू शकतो. स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्याला ड्राइव्हही अडवू शकत नाही हे खरं, पण सहज फॉरवर्ड होणं तरी थांबतं. निकाल लागला की शेअरिंग काढून टाका.

आता अपवाद. कामच कॅमेऱ्यासमोर किंवा बोलण्याचं असेल, म्हणजे ऑनलाइन शिकवणं, निवेदन, सेल्स, तर व्हिडिओ हा कामाचा नमुनाच झाला, त्यावर हुज्जत घालू नका. कॉलेजमधून हजारोंनी भरती होते तिथे एकेकाला फोन करणं शक्य नसतं, कंपनीच्या स्वतःच्या पोर्टलवर व्हिडिओ मागितला असेल तर खुशाल द्या. आणि घरात हप्ते थकलेत, हातात दुसरं काही नाही, तर तत्त्व धरून बसा असं मी सांगणार नाही. तरीही कंपनीचं नाव विचाराच, कारण पहिलं वाक्य त्याशिवाय बोलता येणार नाही. बोलताना अडखळणाऱ्यांनी किंवा ऐकू कमी येणाऱ्यांनी 'मी लेखी परिचय देतो, मुलाखत थेट घ्या' असं सरळ लिहावं. काही रिक्रूटर लगेच मान्य करतात.

माझ्या यादीतले जुने सहकारी हे वाचत असतील. कंपनी, ठिकाण, शिफ्ट, पेरोल कुणाचा आणि पगाराची रेंज, एवढं पहिल्या मेसेजमध्ये लिहा ना. व्हिडिओ दुसऱ्या दिवशी मिळेल, आणि अर्ध्यावर गळणारे उमेदवार आधीच गळतील.